तास बुडाल्याचा पुरावा म्हणजे 'इंटरनेट नाही'चा स्क्रीनशॉट नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बारा वर्षं घरोघरी ब्रॉडबँडची जोडणी आणि दुरुस्ती करतो. माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दर बुधवारी सकाळी १० वाजता तिचा संख्याशास्त्राचा तास ऑनलाइन असतो. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी खोदकाम चालू होतं. जेसीबीने फायबरची केबल तोडली आणि तिचा तास बुडाला. तिने त्याच दुपारी मॅडमना ईमेल केला आणि सोबत लॅपटॉपवरच्या DNS_PROBE_FINISHED_NO_INTERNET या संदेशाचा स्क्रीनशॉट जोडला. असा स्क्रीनशॉट राउटरची वायर काढूनही मिळतो, तेव्हा हजेरी देता येणार नाही, असं मॅडमनी कळवलं.

पोरगी रडवेली झाली. पण मॅडमचं म्हणणं बरोबर होतं. तो संदेश एवढंच सांगतो की लॅपटॉपला इंटरनेट नाही. का नाही, ते सांगत नाही. ते सांगतो भिंतीवरचा फायबरचा डबा. केबल तुटली की त्यावरचा LOS, म्हणजे केबलमधून प्रकाश येत नसल्याचा दिवा लाल लुकलुकतो आणि PON, म्हणजे कंपनीशी जोडणी असल्याचा दिवा स्थिर हिरवा राहत नाही. रिचार्ज संपला असेल तर प्रकाश येतच असतो, म्हणून PON स्थिर हिरवा राहतो आणि इंटरनेट तेवढं बंद पडतं. वीज गेली असेल तर सगळेच दिवे विझतात. डब्याच्या एका फोटोत एवढं कळतं. मात्र मागची पिवळी वायर उपटली तरी LOS लाल होतो, म्हणून फोटोच्या जोडीला तक्रारीचा डॉकेट नंबर हवाच. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार तक्रार नोंदवली की कंपनीला तो द्यावाच लागतो, आणि त्याच्या एसएमएसवर तारीख-वेळ असते. तासाआधी किंवा तास चालू असताना केलेली तक्रार आणि संध्याकाळी आठवण झाल्यावर केलेली तक्रार यांत मोठा फरक आहे.

आम्ही दुसऱ्या दिवशी ईमेल नव्याने लिहिला. तो असा होता:

"विषय: बुधवारच्या संख्याशास्त्राच्या तासाची गैरहजेरी, केबल तुटल्यामुळे

मॅडम, सादर नमस्कार. बुधवारी सकाळी ९.४० ला आमचं ब्रॉडबँड बंद पडलं. ९.५२ ला तक्रार नोंदवली, डॉकेट नंबरचा एसएमएस जोडला आहे. डब्याचा फोटो ९.४५ चा आहे, त्यात LOS लाल दिसतो. मोबाइल डेटावरून मी १०.१२ ला तासात आले, पण आमच्या घरात रेंज फार कमी असल्याने १०.१८ ला बाहेर पडले. आपल्याकडच्या उपस्थितीच्या नोंदीत या वेळा दिसतील. तक्रार मिटल्याचा एसएमएस १.०५ चा असला तरी जोडणी प्रत्यक्षात ३.१५ ला सुरू झाली. तासाचं रेकॉर्डिंग मिळाल्यास मी पाहून शुक्रवारपर्यंत गणितं सोडवून पाठवीन."

शेवटून दुसरं वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं. केबल जोडायच्या आधीच तक्रार 'मिटली' म्हणून बंद झालेली मी अनेकदा पाहिली आहे. ते लिहिलं नाही, तर १.०५ नंतरच्या तासाला गैरहजर राहिलेलं पोर खोटं ठरतं. आणि मोबाइलवरून का आली नाहीस, हा प्रश्न येणारच होता. त्याचं उत्तर मॅडमना स्वतःच्या नोंदीत पडताळता आलं. मला विचाराल तर सगळ्यात भक्कम पुरावा तोच होता, कारण तो आमच्या हातातला नव्हता.

दोन चुका घराघरांत होतात. इंटरनेट गेलं की लोक आधी राउटर बंद-चालू करतात. बऱ्याच राउटरमधली जुनी नोंद त्याने पुसली जाते. शिवाय त्याचं घड्याळ इंटरनेटवरूनच जुळतं, त्यामुळे पुढच्या नोंदींवर अनेकदा १९७० साल उमटतं. दुसरं म्हणजे फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरवून मग ईमेलला जोडतात. त्यात फोटो काढल्याची मूळ वेळ निघून जाते. फोटो काढलेल्या फोनवरूनच मूळ फाइल जोडावी.

मॅडमनी हजेरी दिली. आता माझी विनंती कॉलेजांना आहे. ऑनलाइन तासाच्या गैरहजेरीसाठी कोणता पुरावा चालेल, हे सत्राच्या सुरुवातीलाच लेखी सांगावं: डॉकेट नंबर, डब्याचा फोटो आणि जोडणी परत आल्याची वेळ. कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र मागू नये. माझ्याकडे दर सत्राला दोन-चार पालक असं पत्र मागायला येतात आणि ते देण्याचा अधिकार मला नाही. कस्टमर केअरला फोन केला तर तिथूनही पुन्हा तोच डॉकेट नंबर मिळतो.

आपला,
एक वाचक, कुडाळ