हार्डनेस झिरो आहे हो, पण बॉयलरमधला टीडीएस ५९०० झालाय त्याचं काय?

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर, वॉटर ट्रीटमेंट विभाग
विषय: आमच्या हॉस्पिटलच्या स्टीम बॉयलरचा चुकीचा ब्लोडाऊन चार्ट आणि त्यापायी झालेलं नुकसान

साहेब नमस्कार,

मी बेळगावातल्या एका हॉस्पिटलचा मेंटेनन्स सुपरवायझर. बॉयलरच्या पाण्याचा वर्षाचा कॉन्ट्रॅक्ट तुमच्याकडं आहे, केमिकल तुमचं, महिन्याची व्हिजिट तुमची, आणि भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला ब्लोडाऊनचा चार्ट पण तुमचाच. त्या चार्टवर लिहिलंय दिवसात तीन वेळा, दहा-दहा सेकंद खालचा व्हॉल्व्ह उघडून बॉयलरमधलं क्षाराचं पाणी बाहेर सोडायचं. आमचे बॉयलर अटेंडंट मामा तो चार्ट देवाच्या फोटोसारखा मानतात, एक दिवस चुकवलेला नाही, तरी तुमचा माणूस येऊन त्यांनाच म्हणाला की तुम्ही ब्लोडाऊन मारत नाही. म्हणून हे पत्र.

झालं काय ते सांगतो. जानेवारीत तुम्ही सर्व्हे केला तेव्हा आमच्याकडं कॉर्पोरेशनचं पाणी होतं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार लिटरला ११० मिलिग्रॅम. उन्हाळ्यात राकसकोप धरणाचं पाणी खाली गेलं की इथं सगळ्यांचंच बोअरवर येतं, हे बेळगावातलं लहान पोर पण सांगेल. मार्चमध्ये मी तुमच्या माणसाला व्हॉट्सॲप केला की ८ एप्रिलपासून बोअर चालू होणार, टीडीएस ६४०, चार्ट बदलून द्या. दोन निळ्या टिका आल्या, बाकी काही नाही.

८ तारखेला बोअर चालू. १० तारखेला मामा म्हणाले गेज ग्लासमधलं पाणी नाचायलंय, लेव्हल धड दिसत नाही. ११ ला संध्याकाळी मी सॅम्पल कूलरमधून थंड करून पाणी घेतलं, मीटर लावला तर ५९००, आणि आमच्या बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये लिमिट ३००० आहे. १२ ला सकाळी सीएसएसडीच्या, म्हणजे ऑपरेशनचं सामान निर्जंतुक करणाऱ्या विभागाच्या सिस्टरांचा फोन, ऑटोक्लेव्हमधून पॅक ओले निघालेत. जाऊन बघितलं तर कापडावर पांढरट डाग, ड्रमच्या कडेला हात लावला तर बोटाला मिठासारखी पूड. ओला पॅक थिएटरला देता येत नाही, त्या दिवशीची दोन ऑपरेशनं पुढं ढकलली, आणि डॉक्टरांनी जे ऐकवलं ते मलाच ऐकावं लागलं, तुम्हाला नाही.

तुमचा माणूस १३ ला आला, किट काढून हार्डनेस बघितला, झिरो आला, म्हणाला पाणी एकदम ओके. साहेब, सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो, क्षार तेवढेच राहतात. ६४० चं पाणी सॉफ्टनरमधून गेलं तरी साधारण ६४० च. हार्डनेस झिरो म्हणजे ट्यूबवर खपली बसणार नाही एवढंच, बॉयलरमध्ये क्षार साठणार नाहीत असं नव्हे. मी त्याला ऑटोक्लेव्हच्या ट्रॅपचं कंडेन्सेट दाखवलं, मीटरवर १६०. चांगल्या स्टीमचं कंडेन्सेट जवळजवळ डिस्टिल्ड वॉटर असतं, त्यात १६० आले कुठनं? बॉयलरचं पाणीच फेसाबरोबर स्टीममध्ये उडून जायलंय, ५९०० च्या हिशोबानं जवळपास पावणेतीन टक्के. त्यावर तो म्हणाला अँटीफोम घ्या, आणि एक कॅन बिलात टाकून गेला.

आता हिशोब बघा, मी डिप्लोमावाला आहे, अवघड काही नाही. बॉयलर ६०० किलोचा, सरासरी ताशी ४०० किलो स्टीम, दिवसात १२ तास. त्यातलं साधारण १६० किलो कंडेन्सेट होऊन परत येतं, त्यात क्षार धरायचे नाहीत. उरलेलं २४० किलो नवीन पाणी. म्हणजे बोअरचं पाणी तासाला २४० गुणिले ०.६४, १५३.६ ग्रॅम क्षार आत आणतं, आणि स्टीम काही क्षार घेऊन जात नाही, ते सगळे आतच राहतात. ३००० वर थांबवायचं असेल तर ब्लोडाऊनचं प्रत्येक किलो ३ ग्रॅम बाहेर काढतं, पण त्याच्या बदल्यात आत येणारं किलो ०.६४ ग्रॅम घेऊन येतं, म्हणजे खरी निकासी २.३६ ग्रॅम. १५३.६ भागिले २.३६, तासाला ६५ किलो, दिवसाला ७८० किलो ब्लोडाऊन.

हाच हिशोब कॉर्पोरेशनच्या ११० टीडीएसला केला तर तासाला ९ किलो, दिवसाला ११० च्या आसपास. तुमचा चार्ट इथं बसतो बघा. मी फीड पंप बंद ठेवून एक दहा सेकंदाचा ब्लोडाऊन मोजला, गेज ग्लासमध्ये पाणी एक इंच उतरलं, ड्रॉइंगप्रमाणं पाण्याचा पृष्ठभाग दोन चौरस मीटर, म्हणजे ५० लिटर, ७ किलो प्रेशरचं गरम पाणी हलकं असतं म्हणून वजन ४५ किलो धरलं. तीन वेळा म्हणजे १३५. जानेवारीच्या पाण्याला पुरेसं, एप्रिलच्या पाण्याला पाचवा हिस्सा पण नाही. बॉयलरमध्ये दीड हजार लिटर पाणी असतं, त्यात रोज हजाराच्या आसपास टीडीएस चढत गेला आणि चौथ्या दिवशी ५९०० झाला. मामांचा दोष कुठं आहे सांगा.

आणि चार्टवर तीनच्या ठिकाणी अठरा लिहून देऊ नका. दर चाळीस मिनिटांनी खालचा व्हॉल्व्ह उघडला तर ऑटोक्लेव्हचं सायकल चालू असतानाच लेव्हल पडते. खालचा ब्लोडाऊन गाळ काढायला दिवसात एक-दोनदा ठीक, क्षारासाठी पाण्याच्या वरच्या थरातून बारीक, सतत चालणारी लाईन हवी, तिचा व्हॉल्व्ह ६५ किलोला सेट करायचा. तो कनेक्शन आमच्या बॉयलरवर आहे, डमी प्लेट लावून बंद केलेला, तुमच्या सर्व्हेवाल्यानं वर बघितलंच नाही बहुतेक.

आणखी एक, लॉन्ड्रीच्या कॅलेंडर मशीनचं कंडेन्सेट आज गटारात जातंय. ते टाकीला जोडलं तर नवीन पाणी २४० चं १२० होतं, आणि ब्लोडाऊन पण निम्मा, तासाला साडेबत्तीस किलो. नाहीतर एवढं गरम पाणी फेकण्यात जानेवारीपेक्षा रोज बारा-तेरा लिटर डिझेल जास्त जाणार, शिवाय तुमचं केमिकल पण त्यातनंच गटारात. हे तुम्ही सांगायचं, मी नव्हे, पण केमिकल विकणाऱ्याला त्यात काय पडलंय म्हणा.

तर आमचं मागणं असं. बोअरच्या पाण्याचा नवीन चार्ट, हिशोबासकट, मराठीत किंवा कन्नडमध्ये, मामांना वाचता येईल असा. सतत ब्लोडाऊनची लाईन तुमच्या माणसाच्या देखरेखीखाली चालू करून टीडीएस ३००० च्या आत आलेला आमच्यासमोर दाखवा. अँटीफोमचं बिल रद्द करा, कॅन सील न फोडता स्टोअरमध्ये पडलाय, येऊन घेऊन जा. आणि व्हिजिट रिपोर्टवर मामांबद्दल जो शेरा मारलाय तो लेखी मागे घ्या.

सोमवारपर्यंत कोणी आलं नाही तर मे महिन्याचं पेमेंट अकाउंट्सकडं थांबवायला सांगणार आहे. लॉगबुक, मीटरच्या रीडिंगचे फोटो आणि मार्चचा तो व्हॉट्सॲप सोबत जोडलाय.

आपला,
मेंटेनन्स सुपरवायझर, बेळगाव