स्लिम, रेग्युलर आणि रिलॅक्स्ड शर्टांना एकच मापतक्ता दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: एकाच साइझच्या तीन फिटच्या शर्टांची प्रत्यक्ष मापे वेगळी असणे आणि त्यातून परत घेण्यास मिळालेला नकार

महोदय,

मी पुण्यात कोथरूडला राहतो आणि आपल्या कंपनीचे रेग्युलर फिटचे ४० साइझचे शर्ट बरीच वर्षे समाधानाने वापरत आहे. अलीकडे आपल्या संकेतस्थळावरून मी त्याच साइझचा एक स्लिम आणि एक रिलॅक्स्ड फिटचा शर्ट मागवला. तिन्ही फिटसाठी तेथे एकच मापतक्ता आहे आणि त्यात ४० साइझपुढे फक्त 'छाती ४० इंच' एवढेच लिहिले आहे. माझी छाती ४० इंच आणि पोट ३८ इंच भरते, त्यामुळे तक्त्याप्रमाणे मागणी योग्यच होती.

स्लिम शर्ट उभे असताना कसाबसा बसला, परंतु खुर्चीत बसताच पोटावरच्या दोन बटणांमध्ये फट पडू लागली आणि बटणांपासून दोन्ही बाजूंना तिरक्या सुरकुत्या ओढल्या गेल्या. कापड कमी पडत असल्याची ही स्पष्ट खूण आहे. म्हणून मी घरातील रेग्युलर आणि नवा स्लिम असे दोन्ही शर्ट बटणे लावून टेबलावर सपाट पसरले आणि मुंढ्याच्या खाली एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावून आलेले माप दुप्पट केले. रेग्युलर शर्ट छातीत ४५ आणि पोटावर ४४ इंच भरला. स्लिम शर्ट छातीत ४२॥ आणि पोटावर अवघा ३९॥ इंच. म्हणजे छातीतला फरक अडीच इंचांचा असला तरी पोटावरचा साडेचार इंचांचा आहे, कारण स्लिममध्ये बाजूची शिवण कमरेपाशी आत घेतलेली असते आणि पाठीला दोन डार्टही असतात. माझ्या पोटासाठी त्यात दीड इंच लूज उरतो आणि बसल्यावर तोही पुरत नाही. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते, हे लक्षात घेता पुढची स्थिती आणखी बिकट होणार.

मी ग्राहक सेवेला दूरध्वनी केला तेव्हा 'स्लिममध्ये एक साइझ मोठा घ्या' असा सल्ला मिळाला आणि त्याप्रमाणे ४२ चा शर्ट बदलून आला. माझी मुख्य तक्रार या सल्ल्याबद्दल आहे. ४२ चा स्लिम पोटावर ४१॥ इंच भरतो, म्हणजे माझ्या ४० च्या रेग्युलरपेक्षा तो तरीही अडीच इंच अरुंदच आहे. मात्र साइझ वाढवताना खांदा, कॉलर आणि बाहीही वाढली. खांद्याची शिवण आता हाडाच्या खाली दंडावर उतरते, वरचे बटण लावले तरी कॉलर गळ्याभोवती सैल राहते आणि बाही मनगट ओलांडून तळहातावर येते. पोटावरचे बटण एक वेळ सरकवून घेता येते किंवा बाजूची शिवण थोडी उसवता येते, पण उतरलेला खांदा आणि मुंढा दुरुस्त करायचा तर शर्ट जवळजवळ नव्याने शिवावा लागतो. ज्याचे पोट सपाट आणि छाती थोडीच जास्त आहे, त्याला एक साइझ वाढवून स्लिम चालूही शकेल. माझ्यासारख्या बांध्याच्या माणसाला मात्र फिटच बदलून द्यायला हवा होता. त्यासाठी आपल्या प्रतिनिधीने पोटाचे माप विचारणे पुरेसे होते, पण ते विचारले गेले नाही.

रिलॅक्स्ड शर्टाची गोष्ट उलट आहे. ४० साइझचा तो शर्ट छातीत ४८॥ इंच भरतो. त्याचा खांदा मुद्दामच उतरता कापलेला असल्याने त्याबद्दल माझी हरकत नाही, परंतु आपल्याच दालनात ३८ चा रिलॅक्स्ड मोजून पाहिला तेव्हा तो ४६॥ इंच निघाला आणि मला तो व्यवस्थित बसला. म्हणजे एकाच माणसाला आपल्या रेग्युलरमध्ये ४० आणि रिलॅक्स्डमध्ये ३८ लागतो, तर स्लिममध्ये कोणताच साइझ नीट बसत नाही. आणि यांपैकी एकही गोष्ट तक्त्यावरून कळत नाही.

'एका मागणीवर एकदाच बदल' या नियमाचे कारण देऊन दोन्ही शर्ट परत घेण्यास नकार देण्यात आला आहे. पहिला बदल आपल्याच सल्ल्याने झालेला असल्यामुळे हा नियम मला लावणे अन्यायाचे आहे. दोन्ही शर्ट न धुतलेले असून त्यांची लेबले कायम आहेत. ४२ च्या स्लिमची पूर्ण किंमत परत करावी आणि ४० चा रिलॅक्स्ड बदलून ३८ चा द्यावा, ही माझी मागणी आहे. तसेच प्रत्येक फिटसाठी स्वतंत्र तक्ता देऊन त्यात छाती, पोट, खांदा, कॉलर आणि बाही यांची शिवून तयार झालेल्या शर्टाची मापे छापावीत, म्हणजे ग्राहकाला आपल्या अंगावर बसणाऱ्या शर्टाशी ती ताडून पाहता येतील.

मी घेतलेल्या मापांची छायाचित्रे आणि खरेदीची पावती सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे, अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे