आमटीतली आमसुलं संपली तेव्हा

गुहागर
सोमवार, १८ मे

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू पातेलं दाखवलंस आणि म्हणालास, "आई, सगळं घातलं तरी तुझ्यासारखी आमटी नाही होत." वर पाणी, खाली डाळीचे दाणे आणि मध्येच तरंगणारी करड्या रंगाची काडी. बाबा हसले, मला मात्र रात्रभर ते पातेलंच दिसत होतं. आज सकाळी अर्धी-अर्धी वाटी तूरडाळ तीन वेळा शिजवली आणि तीन तऱ्हेने आमटी केली. एकात आमसूल, एकात चिंच, एकात लिंबू. बाकी फोडणी, गोडा मसाला, गूळ सारखाच. बाबांना काही न सांगता तिन्ही वाट्या पुढे ठेवल्या.

आधी तुझी डाळ. आमसुलं संपली म्हणून तू चिंचेचा कोळ डाळीबरोबरच कुकरात घातलास. तिथेच घात झाला. आंबटात डाळ शिजत नाही, दाणा आतून घट्टच राहतो. मग पाच शिट्ट्या दे नाहीतर आठ. टोमॅटो असो, चिंच असो, नाहीतर आमसूल, आंबट घालायचं ते डाळ शिजून घोटल्यावर. दाणा बोटांत दाबून बघ. मऊ लगदा झाला पाहिजे, मध्ये बारीक खडा लागला तर अजून एक शिट्टी. शिवाय तुमच्या म्युनिकचं पाणी जड. तुझ्या किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो म्हणालास ना, तोच क्षार डाळ मऊ होऊ देत नाही. पाणी आधी उकळून निवव, वरचं तेवढं ओतून घे आणि त्यात डाळ भिजत घाल. एवढं करूनही नाही शिजली तर चिमूटभर खायचा सोडा, त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते.

आता आंबट. अर्ध्या वाटी डाळीला मी तीन आमसुलं घालते, धुऊन, मसाला-गूळ पडल्यावर. पाचेक मिनिटं उकळली की पुरे. त्यांचा आंबटपणा हळूहळू सुटतो आणि शेवटी जिभेवर थोडा तुरटपणा ठेवून जातो. फार वेळ उकळत ठेवली तर तुरटपणाच पुढे येतो.

चिंच घालणार असशील तर बोराएवढी घे. तिथल्या थाई दुकानात ठोकळा मिळतो, त्यातली. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजव, पिळून कोळ काढ, चोथा टाकून दे. आमसूल घालतो त्याच्या बरंच आधी कोळ जायला हवा, म्हणजे गुळाच्याही आधी, कारण चिंचेला कच्चट वास असतो आणि तो सात-आठ मिनिटं उकळल्यावरच जातो. गेला की नाही ते पातेल्यावर नाक नेऊन ओळखायचं, घड्याळ बघून नाही. चिंच आमसुलापेक्षा रोखठोक आंबट, म्हणून गूळ नेहमीपेक्षा किंचित जास्त लागतो. रंगही काळपट येतो, त्याला घाबरू नकोस.

लिंबाचं उलटं. ते विस्तवावर घालायचंच नाही. उकळलं की त्याचा वास उडून जातो आणि मागे कडवटपणा उरतो, मुळात वासासाठीच तर आपण लिंबू पिळतो. गॅस बंद कर, दोन मिनिटं थांब, मग अर्धं लिंबू. आणि ती आमटी लगेच संपव, दुसऱ्या दिवशी तिच्यात राम राहत नाही. चिंचेची मात्र दुसऱ्या दिवशी जास्त लागते.

बाबांनी लिंबाची वाटी एक घोट घेऊन बाजूला ठेवली. "हे वरण आहे, आमटी नाही," म्हणाले. चिंचेची संपवली, पण "आपली नव्हे, घाटावरची," असा शेराही मारला. त्यामुळे माझं मत असं की तुला चिंचच घालायची आहे. सोलकढीचं मात्र विचारू नकोस. तिथे आंबट, रंग, सगळं आमसुलाचंच, त्याला पर्याय म्हणून काहीही घातलंस तरी ते नारळाचं दूध आणि आंबट पाणीच होणार.

गुळाचं सोपं आहे. तू जी तपकिरी साखर वापरलीस, ती बहुतेक पांढऱ्या साखरेला रंग आणि पाक लावलेली असते. गोड होते, पण गुळाचा तो खारट, मातकट स्वाद नाही. तुझ्याच गावातल्या दुकानात एक 'फोलरोरत्सुकर' नावाची पुडी असते, बाबांनी शोधून काढलं. उसाचा रस आटवून वाळवलेली, मळी न काढलेली. म्हणजे आपला गूळच, फक्त भुकटी केलेला. तिच्या शेजारीच 'रोरोरत्सुकर' असतं, नाव जवळजवळ तेच, पण ते बरंचसं शुद्ध केलेलं, पिवळसर. ते नको. पुडी उघडून वास घे, काकवीसारखा आला तर बरोबर आणलंस. मी सुपारीएवढा खडा घालते, त्याच्या जागी एक गच्च भरलेला चहाचा चमचा. भुकटी कोरडी असते, गुळासारखा ओलावा नसतो, म्हणून थोडी कमीच धरायची.

आणि ती काडी. रोपवाटिकेतून 'करीक्राउट' म्हणून कुंडी आणलीस, पानं रुपेरी, सुयांसारखी, चुरगळली की करी पावडरचा वास. निखिल, तो कढीपत्ता नव्हे रे! नावापलीकडे दोघांचं काही नातं नाही. आपला कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, पान चुरगळलं की जरा लिंबाच्या सालीची आठवण येते. तुझं ते झाड सूर्यफुलाच्या गोतातलं, फोडणीत कडू होतं. कुंडी खिडकीत राहू दे, दिसायला बरी आहे.

खरं सांगायचं तर कढीपत्त्याला पर्याय नाही. तमालपत्र, लिंबाची साल, जे काही सांगतात ते सगळं मी वासाने ताडून पाहिलं, काही जमलं नाही. ताजी पानं मी पाठवूही शकत नाही. नारळ चालतो, पण पानांना तिकडे झाडपाल्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून कोणाच्या बॅगेत टाकायच्या भानगडीत पडणार नाही. तिथल्या दुकानात कधी जुडी दिसली तर दोन घे. पानं धुऊन कापडावर पूर्ण कोरडी कर, देठासकट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेव. काळी पडतात, पण वास राहतो. वाळवलेल्यांत तो फारसा उरत नाही. फ्रीझरमधली तशीच गरम तेलात टाक, फक्त झाकण हाताशी ठेव, बर्फाने तेल उडतं. आणि नसलीच, तर हिंग जरा जास्त आणि कोथिंबिरीचे देठ बारीक चिरून फोडणीत. वास कढीपत्त्याचा नाही येणार, पण फोडणी रिकामीही वाटणार नाही.

अंगणात सध्या रातांब्यांची सालं वाळताहेत. रसात बुडवून पुन्हा उन्हात, आजची तिसरी खेप. पावसाच्या आत दोन-तीन दिवस ऊन मिळालं तर पुरे. शेजारचा मुलगा जूनमध्ये तिकडे यायचाय, त्याच्याकडे अर्धा किलो आमसुलं बांधून देईन. तोवर चिंच. कुकर किती लिटरचा आहे ते कळव, डाळीला पाणी त्या मापाने सांगते.

तुझी,
आई