बावखलापलीकडचं स्वप्न

प्रिय बाळा,

तुझा मेसेज पप्पांना दाखवला नाही. त्यांनी लगेच गाडी काढून तुझ्याकडे पुणं गाठलं असतं. फोनवर बोलताना मी रडेन आणि तू गप्प बसशील, म्हणून कागद घेतला.

तू लिहिलंस की रविवारी रात्री आपल्या वाडीतलं बावखल दिसलं. पलीकडच्या काठावर ती उभी, अलीकडे तू, पाण्यात गुडघाभर आजोबा, आणि ते तुला म्हणाले, "परत ये." मग जाग आली, छाती धडधडत होती, झोप लागली नाही. आणि त्यापुढे तू एका ओळीत लिहिलंस की हा देवाचा निरोप आहे, लग्न मोडायला हवं. चर्चमध्ये घोषणा वाचायला तीन आठवडे राहिलेत.

देव स्वप्नातून बोलत नाही, असं मी तुला सांगणार नाही. तसं म्हणायचं तर मत्तयाच्या शुभवर्तमानाची पहिली दोन प्रकरणंच फाडावी लागतील. पण कोणतं स्वप्न त्याचं आणि कोणतं आपलं, हे ओळखणं जुन्या लोकांनाही जड गेलंय. मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते संत मोनिकेनं. तिचा सण आपण २७ ऑगस्टला करतो, पण तिच्या स्वप्नांची गोष्ट प्रवचनात फारशी येत नाही. ती तिच्या मुलानं, संत ऑगस्टिननं, स्वतःच लिहून ठेवलीय.

ऑगस्टिनचा जन्म ३५४ चा, उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावचा. विशीच्या आसपास तो मानीपंथीयांच्या, म्हणजे चर्चनं पाखंडी ठरवलेल्या एका पंथाच्या, नादी लागला. मोनिकेला त्याचा इतका राग आला की त्याला घरात ठेवायला आणि एका पंगतीला जेवायला ती तयार होईना. मग तिला स्वप्न पडलं. ती एका लाकडी पट्टीवर उभी आहे, सुताराच्या मोजपट्टीसारख्या. समोरून एक तेजस्वी, हसरा तरुण येतो आणि का रडतेस म्हणून विचारतो. ती सांगते, मुलाचा नाश झाला म्हणून. तो म्हणतो, नीट बघ, जिथे तू आहेस तिथे तोही आहे. ती वळून बघते, तर ऑगस्टिन तिच्या शेजारी त्याच पट्टीवर उभा.

तिनं हे मुलाला सांगितलं. मुलगा वक्तृत्वशास्त्रातला, तल्लख. त्यानं लगेच अर्थ फिरवला: म्हणजे तूही एक दिवस माझ्या पंथात येशील. त्यावर ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, नाही, 'जिथे तो आहे तिथे तू' असं मला सांगितलं नव्हतं, 'जिथे तू आहेस तिथे तो' असं सांगितलं होतं. ऑगस्टिन लिहितो की त्या वेळी स्वप्नापेक्षा आईच्या या उत्तरानं तो जास्त हलला.

तिनं स्वप्नात जे ऐकलं तेच धरून ठेवलं, त्यात एक शब्दही घातला नाही. आता तुझं बघ. आजोबा म्हणाले, "परत ये." कुठे परत? तिच्यापासून, की तिच्याकडे? ते पाण्यात कुठल्या बाजूला तोंड करून उभे होते, हेही तू लिहिलेलं नाहीस. 'लग्न मोड' हे तू जागा झाल्यावर, पहाटे तीन वाजता, धडधडत्या छातीनं घातलंस. म्हणून आधी एक कर: वहीच्या एका पानावर फक्त दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिही. 'म्हणजे' हा शब्द आला की थांब. मला वाटतं चार ओळींच्या वर जाणार नाही.

मोनिकेनं त्या स्वप्नाचं काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. तिनं मुलाला पुन्हा घरात आणि जेवायच्या पंगतीत घेतलं. एवढंच. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं तो त्याच पंथात राहिला आणि ती प्रार्थना करत राहिली. त्या काळात ती एका बिशपकडे गेली. हा माणूस स्वतः लहानपणी मानीपंथीयांकडे वाढलेला, त्याच्या आईनंच त्याला तिकडे दिलं होतं. तिनं विनवलं की माझ्या मुलाशी वाद घाला, त्याची चूक दाखवा. त्यानं नकार दिला. तो अजून ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा, वाचता वाचता त्याला स्वतःलाच कळेल. ती उठेचना, रडत राहिली. शेवटी थोडा वैतागून तो म्हणाला, जा आता, एवढ्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही.

हे शेवटचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र आधीचा नकार जास्त मोलाचा वाटतो. तिनं सांगितलेलं त्यानं केलं नाही. सल्ला घ्यायचा तो अशा माणसाचा, जो तुझ्या घाईत सामील होत नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग, आणि तो थेट लग्नाचाच. ऑगस्टिन मिलानमध्ये होता, तिशी उलटलेली. मोनिकेनं त्याच्यासाठी मुलगी ठरवली, पण ती इतकी लहान की लग्नाला जवळपास दोन वर्षं थांबायचं होतं. (त्याआधी बरीच वर्षं त्याच्यासोबत राहिलेल्या, त्याच्या मुलाच्या आईला आफ्रिकेत परत पाठवलं गेलं. तिचं नावसुद्धा त्यानं लिहिलेलं नाही. मोनिका संत असली तरी इथे मला तिचा राग येतो.) तर या लग्नाबद्दल देवानं काहीतरी दाखवावं म्हणून मोनिका रोज कळवळून मागत होती. मुलानंही तिला तसं सांगितलं होतं. देवानं काही दाखवलं नाही. स्वप्नं पडली, नाही असं नाही. पण ज्या गोष्टीत मन अडकलंय त्यातून मनानंच विणलेली, पोकळ. तिनं ती मुलाला सांगितली, पण त्यांना काही किंमत न देता. ती म्हणायची की देव दाखवतो ते आणि आपला जीव स्वप्नात बघतो ते, यातला फरक तिला एका चवीनं कळतो. ती चव कसली, हे तिला शब्दांत सांगता येत नसे.

ते लग्न कधी झालंच नाही. ३८६ मध्ये ऑगस्टिनचं मन पालटलं, ३८७ च्या ईस्टरला संत अँब्रोजनं त्याला बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी मोनिका गेली.

ज्या बाईला खरं स्वप्न पडलं होतं, तिनंच पुढची मागून घेतलेली स्वप्नं बाजूला ठेवली, हे मी पुन्हापुन्हा वाचते. कारण तुझा साखरपुडा ठरताना मीही अशीच मागत होते. मलाही पडली होती स्वप्नं. एकात तुझ्या लग्नाच्या मांडवात म्हैस शिरली होती. ते मी कोणाला सांगितलं नाही.

तुझ्यामाझ्याकडे मोनिकेची जीभ नाही, म्हणून आपल्याला जाडीभरडी चाळण लागते. पोप संत ग्रेगरीनं सहाव्या शतकाच्या शेवटी स्वप्नांची सहा कारणं लिहिली. पहिली दोन म्हणजे भरलेलं पोट आणि रिकामं पोट! मग भ्रम, मग मनातले विचार आणि भ्रम एकत्र, मग देवाचं प्रकटीकरण, आणि शेवटी विचार आणि प्रकटीकरण एकत्र. तो एका ओळखीच्या माणसाची गोष्ट सांगतो. त्याला स्वप्नात दीर्घायुष्याचं वचन मिळालं. त्यानं म्हातारपणासाठी पैसा साठवायला घेतला आणि अचानक मेला, पैसा तसाच राहिला. तर रविवारी रात्री तू काय खाल्लंस ते आठव. सुक्या बोंबलाचं कालवण तीनदा वाढून घेतलंस, मीच वाढत होते. आणि त्याच दुपारी तिचे वडील येऊन गेले होते. लग्नानंतर पुण्यात राहायचं की वसईत, यावर तुम्ही दोघं त्यांच्यासमोर गप्प बसलात. पाणी, दोन काठ, 'परत ये'. बाळा, मला यात देवदूत शोधावा लागत नाही.

म्हणजे स्वप्न फेकून दे, असंही नाही. ते देवाचं नसेल, पण तुझ्या मनातली भीती त्यात खरी आहे. ती देवासमोर तुझी भीती म्हणूनच ठेव. 'प्रभू, तू मला मोड म्हणालास' असं नको, 'प्रभू, मला घर सुटायची भीती वाटते' असं म्हण. या दोन प्रार्थनांची उत्तरं वेगळी येतात.

दुसरं, संत इग्नेशियसचा एक नियम तू कॉलेजच्या रिट्रीटमध्ये ऐकला असशील. मन उदास, अंधारलेलं असताना आधी शांत मनानं घेतलेला निर्णय बदलायचा नाही. लग्नाचा निर्णय तू वर्षभर विचार करून, हसत्या तोंडानं घेतलास. मोडायचा विचार एका रात्रीत, घामाघूम होऊन आला. तोच इग्नेशियस असंही म्हणतो की वैरी चोरट्या प्रियकरासारखा असतो, आपलं बोलणं गुप्त राहावं अशी त्याची इच्छा असते, आणि ते पापनिवेदन ऐकणाऱ्या चांगल्या धर्मगुरूला कळलं की त्याचा डाव फसतो. तू मला लिहिलंस, 'कोणाला सांगू नकोस.' तेच वाचून मी दचकले.

संत योसेफाचं उदाहरण तुझ्या तोंडावर मारायचा मोह मला होतोय. त्यानं गुपचूप नातं तोडायचं ठरवलं होतं आणि स्वप्नानं त्याला सांगितलं, मरियेला घरी न्यायला भिऊ नकोस. पण मग मीही तुझ्यासारखंच करीन, हवा तो अर्थ काढीन. एवढंच बघ की योसेफाला कोडं घातलं नव्हतं. काय करायचं, मुलाचं नाव काय ठेवायचं, सगळं सरळ सांगितलं होतं. आणि पौलाला त्रोवस इथे रात्री मासेदोनियाचा माणूस दिसला, तेव्हा पुढे 'आम्ही' असं अनुमान केलं, असं लिहिलंय. दृष्टान्त एकाला झाला, ठरवलं सगळ्यांनी.

तेव्हा शनिवारी ये. ते पान घेऊन फादरांकडे जा. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. त्यांना आधी पान वाचू दे, तुझा अर्थ मागाहून सांग. ते लगेच 'हो' किंवा 'नाही' म्हणाले नाहीत तर रागावू नकोस. मात्र गावात कोणी स्वप्नाचा अर्थ सांगतं, डोक्यावर हात ठेवतं, तिकडे पाऊल टाकू नकोस. तुझी मावशी सुचवेलच.

तरीही मोडावं असं शांतपणे वाटत राहिलं तर मोड. आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. पण मग कारण तुझं म्हणून सांग, आजोबांच्या नावावर नको. ते बिचारे तिला नात म्हणून हाक मारून गेले.

आणि तिला आजच फोन कर. चार दिवस तू फोन उचलत नाहीस म्हणून काल तिनं मला विचारलं. मी म्हटलं, त्याला ताप आहे. आता ते खोटं मला शनिवारी तुझ्याच मागे रांगेत उभं राहून फादरांना सांगावं लागणार आहे.

तुझी,
आई