‘समजलं ना?’ विचारू नका, करून दाखवायला सांगा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परवा आमच्या भागातल्या मधुमेह शिबिरात इन्सुलिनचं एक पत्रक वाटलं गेलं. सहा वर्षांच्या मुलीच्या आईला जे दिलं, तेच रांगेतल्या आजोबांनाही. वर प्रश्न एकच, ‘समजलं ना?’ सगळ्यांनी माना डोलावल्या. तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर या माना डोलावण्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

एका सत्तरीच्या आजोबांची साखर काही केल्या उतरत नव्हती. ‘रोज न चुकता १२ युनिट घेतो,’ म्हणायचे. डोस वाढवायचं ठरतच होतं, तेवढ्यात मी त्यांना माझ्यासमोर इन्सुलिन भरायला लावलं. बाटली दर मिलिलिटरला ४० युनिटची, लाल टोपणाच्या सिरिंजनं भरायची. हातात मात्र नारिंगी टोपणाची, दर मिलिलिटरला १०० युनिटच्या बाटलीसाठीची सिरिंज. तिच्यावर १२च्या रेघेपर्यंत भरलं की अंगात जेमतेम पाच युनिट जातात. उलट अदलाबदल झाली असती तर १२च्या जागी ३० गेले असते, म्हणजे जिवावरच बेतलं असतं. आजोबांची बुद्धी शाबूत होती, पण बारीक रेघा दिसत नव्हत्या आणि ‘दिसत नाही’ म्हणायला संकोच वाटत होता. या वयात उजेडात बसवून, चष्मा लावायला सांगून एका बैठकीत एकच गोष्ट शिकवावी. दुसऱ्या दिवशी आधी कालची करून दाखवायला सांगावी, मगच पुढची.

लहान मुलांची गोष्टच निराळी. वॉर्डातल्या एका चिमुरडीची पक्की समजूत होती, की तिनं चोरून चॉकलेट खाल्लं म्हणून ही सुई. या वयात आजार म्हणजे शिक्षा, असं मुलांना खरंच वाटतं. ‘यात तुझी काही चूक नाही,’ हे तिला आधी सांगावं लागलं, तेही एकदा नाही. मग बाहुलीला बिनसुईची सिरिंज टोचायला दिली. ‘इंजेक्शन घेऊ या का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’च येणार. त्याऐवजी ‘आज डाव्या मांडीत की उजव्या?’ असं विचारावं. आणि आदल्या रात्री सांगू नये, पोर रात्रभर झोपत नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसमोर आई बसली की सगळी उत्तरं आईच देते. तिला दहा मिनिटं बाहेर पाठवा, मग कळतं की क्लासमधला दुपारचा डोस मित्रांसमोर नको म्हणून चुकतोय. वीस वर्षांनी मूत्रपिंड बिघडेल, या धाकाचा इथे उपयोग नाही. साखर चढली की मॅचमध्ये धाप लागते, रात्री चारदा उठावं लागतं, हे मात्र पटतं.

नोकरदार माणसाला कारण आणि वेळ सांगितली की पुरतं. रात्रपाळी असेल तर डोसचं गणित त्याच्यासमोर मांडायचं.

पत्रकं छापाच, पण मागच्या कोऱ्या पानावर लाल आणि नारिंगी टोपणाच्या सिरिंज शेजारी शेजारी, मोठ्या आणि रंगीत छापा. शिबिरात एक टेबल फक्त ‘भरून दाखवा’साठी ठेवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा