आरोग्यमंत्री साहेब, एका सुजलेल्या बोटाबद्दल हे पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, पण मागणी एकच आहे आणि ती एका छापील कागदाएवढीच आहे, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

माझ्या उजव्या पायाचं चौथं बोट, म्हणजे करंगळीच्या शेजारचं, एक दिवस सुजलं. सांध्यापाशी गाठ आल्यासारखं नाही, तर मुळापासून टोकापर्यंत अख्खंच, सगळीकडून सारखं जाड, सॉसेजसारखं. बूट जाईना. मार लागलेला नव्हता, ताप नव्हता, जखम नव्हती. डॉक्टरांनी युरिक ॲसिड तपासलं, ते 7.4 आलं, म्हणजे थोडं जास्त, झालं, गाउट, म्हणजे युरिक ॲसिड वाढून होणारा सांध्यांचा आजार, ठरला आणि गोळ्या सुरू. खरं तर तो सोरायटिक आर्थरायटिस होता, म्हणजे सोरायसिस या त्वचेच्या आजाराबरोबर येणारा संधिवात. आता मला कळतं की सोरायसिस असलेल्यांचं युरिक ॲसिड तसंही वाढलेलं असू शकतं, आणि गाउटचा झटका बहुतेक वेळा एका रात्रीत येतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही इतका दुखतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो. माझं बोट तीन महिने तसंच होतं. तीन महिने! तिथेच कोणीतरी थांबून विचार करायला हवा होता, पण तेव्हा मलाही ते सुचलं नाही.

मग एक्स-रे काढला, नॉर्मल. आरए फॅक्टर, ही संधिवातासाठीची रक्ततपासणी, निगेटिव्ह. सीआरपी ही सुजेची रक्ततपासणीसुद्धा नॉर्मलच. मला सांगितलं, 'रिपोर्ट क्लीन आहेत, आर्थरायटिस नाही.' साहेब, सगळी गोची इथे आहे. सोरायटिक आर्थरायटिसमध्ये आरए फॅक्टर सहसा निगेटिव्हच येतो, इतका की तो निगेटिव्ह असणं हा निदानाच्या 2006 च्या कॅस्पार निकषांमध्ये एक गुण धरला जातो. सूज दाखवणारं सीआरपी कितीतरी पेशंटमध्ये वाढतच नाही. आणि एक्स-रेत हाड खाल्लेलं दिसतं ते हाड खाल्लं गेल्यावर, सुरुवातीला त्यात काही सापडत नाही. म्हणजे ज्या कागदांवर 'आजार नाही' असं ठरलं त्यांच्यावरून हा आजार नाही असं म्हणताच येत नव्हतं. खरा पुरावा माझ्या अंगावरच होता, बघायचा कोणी ते.

तो पुरावा म्हणजे नखं. माझ्या हाताच्या चार नखांवर बारीक बारीक खड्डे होते, टाचणीनं टोचल्यासारखे, शिवणकाम करणाऱ्यांचं अंगुस्तान असतं ना तसं दिसायचं. ते फंगस म्हणून सहा महिने औषध लावलं, नखाचा तुकडा कधी तपासायला पाठवलाच नाही. फंगसमध्ये नख जास्त करून जाड, पिवळट, भुसभुशीत होतं. असे खड्डे पडतात ते नख जिथे तयार होतं त्या मुळाशी सोरायसिस असतो म्हणून, तिथल्या पेशी नीट पक्क्या होत नाहीत आणि नख पुढे सरकलं की गळून पडतात, मागे खळगा उरतो. आणि नखाचा बोटाच्या शेवटच्या सांध्याशी थेट संबंध आहे, त्या सांध्यावरून येणाऱ्या स्नायूबंधाचे धागे नखाच्या मुळापर्यंत जातात. म्हणून नखात सोरायसिस असला की सांध्याकडे लक्ष ठेवावं लागतं. नखाला खड्डे पडलेल्या प्रत्येकालाच हा आर्थरायटिस होतो असं नाही हेही सांगतो, उगाच कोणी घाबरायला नको.

सोळा महिन्यांनी संधिवाततज्ज्ञांकडे पोचलो. त्यांनी रिपोर्टची फाईल बाजूला ठेवली आणि आधी माझ्या कानामागे बघितलं, मग केसांत, मग बेंबीत. डोक्यातला सहा वर्षांचा 'कोंडा' हा सोरायसिस निघाला. सोनोग्राफीत बोटाच्या स्नायूबंधाभोवतीच्या आवरणात पाणी साठलेलं दिसलं, अख्खं बोट एकसारखं का सुजतं त्याचं मुख्य कारण तेच, सूज फक्त सांध्यात नसते, त्या लांब आवरणात पण असते. या सगळ्याला डॅक्टिलायटिस म्हणतात. नवीन एक्स-रेत मात्र टोकाच्या सांध्याची कड कुरतडलेली दिसली. ते हाड आता पहिल्यासारखं होणार नाही.

आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम सुरू झालं, सोबत फॉलिक ॲसिड, आणि लिव्हर-रक्तपेशींच्या नियमित तपासण्या. (आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच, चुकून रोज घेतलं तर जीवावर बेतू शकतं, हे गोळ्या देणाऱ्यानं तोंडी सांगायलाच हवं.) चार महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही म्हणून टीबीची तपासणी करून मग टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारं इंजेक्शन दिलं. सूज उतरली. बोट वाकडं ते वाकडंच. आधीच्या पेनकिलरनं दुखणं कमी व्हायचं, आत हाड झिजणं थांबत नव्हतं, आणि दुखत नाही म्हणून मीपण निवांत होतो.

उशिराची किंमत काय ते आयर्लंडमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. 283 पेशंट बघितले, आणि पहिल्या लक्षणापासून संधिवाततज्ज्ञापर्यंत पोचायला सहा महिन्यांपेक्षा जास्त लागलेल्यांमध्ये सांध्यांची झीज आणि रोजच्या कामातली अडचण जास्त आढळली. सहा महिने! मी तेवढा वेळ नखाला मलम लावण्यात घालवला.

आता मागणी. 'पेस्ट' नावाची पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, सोरायसिसच्या पेशंटसाठीच केलेली. तुमचा एखादा सांधा कधी सुजला होता का, डॉक्टरांनी कधी आर्थरायटिस आहे असं सांगितलंय का, नखांवर खड्डे आहेत का, टाच दुखली आहे का, आणि काही कारण नसताना एखादं बोट अख्खं सुजून दुखलंय का. तीन 'हो' आले की संधिवाततज्ज्ञांकडे पाठवायचं. मी नंतर घरी बसून माझे पहिल्या महिन्यातले गुण काढले. नखं हो, बोट हो, आणि टाच, जी मी सकाळी उठल्यावर लंगडत चालायचो आणि चप्पल खराब आहे म्हणायचो, तीही हो. तीन. पण मला सोरायसिस आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, मग हे प्रश्न विचारणार कोण?

म्हणून दोन ठिकाणी ही प्रश्नावली सक्तीची करा. त्वचेच्या ओपीडीत सोरायसिसच्या प्रत्येक पेशंटला वर्षातून एकदा, कारण बहुतेकांना त्वचेचा आजार आधी होतो आणि सांधे कित्येक वर्षांनी धरतात. आणि जनरल ओपीडीत, अख्खं बोट सुजलेला कोणीही आला की, त्याची नखं, केस, कानामागची जागा बघूनच केसपेपर पुढे जाईल असा नियम. प्रश्नावलीतून काही पेशंट निसटतील, काही उगाच पाठवले जातील, मान्य आहे. बोट लालभडक आणि सोबत ताप असेल तर आधी इन्फेक्शन बघावं लागेल, तेही मान्य. पण पाठवलेल्या पेशंटला सहा आठवड्यांच्या आत नंबर मिळेल हे तुमच्या खात्याच्या आदेशात लिहिलेलं असू द्या, नाहीतर चिठ्ठी हातात घेऊन लोक परत सहा महिने रांगेतच.

आदेश निघाला तर त्यासोबत खड्डे पडलेल्या नखाचा एक मोठा फोटो छापा, नुसतं वर्णन वाचून ते ओळखता येत नाही. फोटो हवा असेल तर माझी नखं अजून तशीच आहेत.

आपला,
एक पेशंट