तुझ्या 'पाण्याचं काय ते बघा रे'ला उत्तर

मित्रा,

गेल्या रविवारी शाळेत बैठक झाली, विषय तुझाच, पाणी. पहिला तासभर सगळे बोलले आणि वहीत उरलं काय तर 'जनजागृती' आणि 'टँकर लवकर मागवा'. मग मी फळ्यावर लिहिलं, 'आपल्याला गावचा पाणीप्रश्न कसा सोडवता येईल?' तर परत तेच, कारण प्रश्न एवढा मोठा की त्याला धरायला कुठे जागाच नाही. कोणीतरी म्हणालं 'टाकी कशी बांधता येईल' असं लिही, पण त्यात उत्तर आधीच बसलंय रे, मग सुचतात फक्त टाक्यांचे प्रकार.

म्हणून आधी फक्त विचारलं, मे महिन्यात नेमकं होतं काय? वरच्या वाडीतल्या काकी म्हणाल्या, चालण्याचं काय नाही, विहीर उपसली की परत झिरपून भरेपर्यंत तासतास बसावं लागतं, आणि मग भरलेला हंडा घेऊन पाखाडी चढायची. आणि एकट्या राहणाऱ्या आजींना तेही जमत नाही, त्या शेजारणीच्या भरवशावर. बघ, एकाच 'पाणीप्रश्ना'तून तीन वेगळी दुखणी निघाली.

मग एकेकावर प्रश्न केला. रात्री कोणी उपसत नाही तेव्हा झिरपलेलं पाणी सकाळच्या आधी कसं साठवून ठेवता येईल? हंडा डोक्यावर न घेता पाणी पाखाडीवर कसं चढवता येईल? आजींना मागावं न लागता पाणी दारात कसं मिळेल? मे महिन्यात तुम्ही चाकरमानी आलात की माणसं वाढतात, तर येणाऱ्यांनाच पाण्याच्या कामात कसं घेता येईल? आणि एक उलटा, मेमध्ये विहिरीवर जावंच लागू नये असं कसं करता येईल? दहा मिनिटं कोणी कोणाचं खोडायचं नाही एवढाच नियम. चोवीस कल्पना आल्या, कप्पीपासून नोव्हेंबरात ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून घालायच्या बंधाऱ्यापर्यंत.

एक गोष्ट मला फार भावली. 'आम्हाला' लिहिलं की ग्रामपंचायतीकडे मागणी होते, 'आपल्याला' लिहिलं की समोरचाही त्यात येतो. आणि 'करायचं' ऐवजी 'करता येईल' म्हटलं की चुकीचं बोलायची भीती जाते, नाहीतर त्या काकी बोलल्याच नसत्या.

कल्पना म्हणजे काम नव्हे हेही खरं, हिशोब करावाच लागतो. उलट्या प्रश्नातून पागोळ्यांचं पाणी साठवायचं निघालं. ५० चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर, म्हणजे पाऊस कमी नाहीच, साठवायला जागा नाही. पण आजींना पिण्या-जेवणाला रोज २० लिटर धरले तर एप्रिल-मेच्या ६१ दिवसांना १२२० लिटर पुरतात, तेवढी टाकी परवडते. अख्ख्या घराच्या धुण्या-अंघोळीला मात्र हे जमणार नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

तुझं बंद घर आजींच्या घराला लागूनच आहे ना? त्याच्या पागोळ्या त्यांच्या टाकीत सोडता येतील का, हे विचारायलाच खरं तर लिहितोय. शिमग्याला येताना लांब टेप घेऊन ये, छप्पर मोजू.

तुझाच,
बाळ्या